'करण्यात येते' म्हणजे नक्की करतं कोण? प्रपोजलचा सारांश लिहिताना

छोट्या सामाजिक संस्थेच्या निधीसाठीच्या प्रपोजलमध्ये सगळ्यात आधी वाचला जातो तो सारांशाचा परिच्छेद, आणि बहुतेक ठिकाणी तो सगळ्यात शेवटी, घाईत, जुन्या प्रपोजलवरून उतरवलेला असतो. मी ठाण्यात राहते आणि गेली काही वर्षं आसपासच्या संस्थांची प्रपोजलं दुरुस्त करून देते. बजेटचे तक्ते, कागदपत्रं, अहवाल यांत चुका असतात, पण त्या सापडतात. सारांशातली चूक सापडत नाही, कारण तो वाचायला छान लागतो. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या प्रास्ताविकासारखा.

हा लेख त्या एका परिच्छेदापुरताच आहे. एक खरा परिच्छेद घेऊ आणि तो शेवटपर्यंत दुरुस्त करू. संस्था दिघ्यात काम करते, नवी मुंबईच्या ठाण्याकडच्या टोकाला. संस्थेचं नाव मी देत नाही आणि आकडेही बदलले आहेत, पण वाक्यं जवळपास तशीच ठेवली आहेत.

मूळ परिच्छेद

> आमची संस्था ही संस्था नोंदणी अधिनियम १८६० व महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अन्वये नोंदणीकृत असून समाजातील वंचित व दुर्बल घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी शिक्षणाच्या माध्यमातून विविध उपक्रम राबविण्यात येत आहेत. दिघा परिसरातील आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील, महानगरपालिकेच्या शाळांमध्ये शिक्षण घेत असलेल्या परंतु वाचनकौशल्यात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी वाचन सक्षमीकरण वर्गांचे आयोजन करण्यात येत असून त्यास उत्तम प्रतिसाद लाभत आहे. सदर विद्यार्थ्यांचे वेळोवेळी मूल्यमापन करण्यात येते व त्यांच्यामध्ये लक्षणीय प्रगती दिसून आली आहे. तसेच पालकांमध्ये शिक्षणाविषयी जनजागृती करण्यात येते. उपक्रमाची व्याप्ती वाढविण्याचे योजिले असून त्याकरिता आपल्या मौलिक आर्थिक सहकार्याची अपेक्षा करण्यात येत आहे.

पाच वाक्यं, नव्वदच्या आसपास शब्द. व्याकरणाच्या बारीकसारीक गोष्टी सोडल्या तर यात 'चुकीचं' असं काही दिसत नाही. आता डोळे मिटून स्वतःला विचारा: किती मुलं? कोण शिकवतं? पैसे किती हवेत? यातल्या एकाचंही उत्तर तुम्हाला आठवणार नाही, कारण ते परिच्छेदात नाहीच.

पहिली पायरी: क्रियापदांखाली रेघ मारा आणि 'कोण?' विचारा

परिच्छेद कागदावर छापून घ्या. स्क्रीनवर हे नीट होत नाही, निदान मला तरी जमत नाही. पेन्सिलनं प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि समासात लिहा, हे कोण करतं?

आपल्या परिच्छेदात अशा नऊ जागा निघतात: नोंदणीकृत असून, राबविण्यात येत आहेत, आयोजन करण्यात येत असून, लाभत आहे, मूल्यमापन करण्यात येते, दिसून आली आहे, जनजागृती करण्यात येते, योजिले असून, अपेक्षा करण्यात येत आहे. 'कोण?' या प्रश्नाचं उत्तर फक्त पहिल्या ठिकाणी आहे: संस्था नोंदणीकृत आहे. पण ते काम नव्हे. उरलेल्या आठ ठिकाणी एकतर करणारा गायब आहे किंवा 'प्रतिसाद', 'प्रगती' अशी नामं कर्त्याच्या जागी बसली आहेत. प्रतिसाद लाभतो, प्रगती दिसते, आणि माणूस कुठेच नाही.

पहिलं वाक्य जरा थांबून बघा. ते 'आमची संस्था ही' असं सुरू होतं आणि मधेच 'उपक्रम राबविण्यात येत आहेत' असं संपतं. संस्था कर्ता म्हणून आली आणि 'असून'च्या पलीकडे गेल्यावर हरवली. लिहिणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण कर्ता आणि क्रियापद यांच्यात पंचवीसेक शब्दांची गर्दी आहे. वाक्य मोठ्यानं वाचलं की मात्र लगेच खटकतं.

इथे व्याकरणाचा एक गोंधळ निस्तरून घेऊ

नव्या माणसाला सांगितलं की 'कर्तरी प्रयोगात लिहा', की तो शाळेचं पुस्तक आठवतो आणि अडकतो. कारण शाळेच्या व्याकरणानुसार 'शिक्षिकेने चाचणी घेतली' हे वाक्य कर्मणी आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला बहुधा 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: चाचणी घेतली, वर्ग घेतला, पाठ घेतले. म्हणून ते कर्मणी. पण वाचणाऱ्याला त्यात शिक्षिका स्पष्ट दिसते, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

मराठीत प्रयोगाच्या नावाकडे बघू नका, करणारा दिसतोय का ते बघा. 'शिक्षिका चाचणी घेते' चालेल, 'शिक्षिकेने चाचणी घेतली' चालेल. 'चाचणी घेण्यात आली' यात करणारा पुसला गेला. 'शिक्षिकेकडून चाचणी घेण्यात आली' यात तो आहे, पण पाहुण्यासारखा दारात उभा. त्याला आत घ्या.

'-ण्यात येते' ही सरकारी पत्रव्यवहाराची सवय आहे, आणि तिथे तिला कारणही आहे. हुकूम पदाचा असतो, व्यक्तीचा नसतो, म्हणून 'कळविण्यात येते'. आपण महापालिकेशी, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी इतका पत्रव्यवहार करतो की ती भाषा हाताला लागते. पण प्रपोजलमध्ये आपण हुकूम काढत नाही, पैसे मागतो.

दुसरी पायरी: शब्दकोश नाही, फोन उचला

इथेच बहुतेक लोक चुकतात. ते 'करण्यात येते' खोडून 'आम्ही करतो' लिहितात आणि झालं म्हणतात. 'आम्ही विद्यार्थ्यांचे वेळोवेळी मूल्यमापन करतो.' वाक्य सुधारल्यासारखं दिसतं, पण माहिती जिथल्या तिथेच. 'आम्ही' म्हणजे कोण? 'वेळोवेळी' म्हणजे कधी?

मी त्या संस्थेच्या कार्यकर्त्याला भेटायला ट्रान्स-हार्बर लोकलनं दिघा गाव स्टेशनला उतरले. वर्गाची खोली म्हणजे दहा बाय बाराची, भिंतीला बाराखडीचा तक्ता, कोपऱ्यात चटयांची गुंडाळी. त्यानं चहा मागवला आणि मी पेन्सिलीच्या खुणांचा कागद पुढे ठेवला.

"दादा, मूल्यमापन कोण करतं?"

"आपल्याच ताया करतात."

"कोणत्या ताया? शिकवतात त्याच?"

"हो, त्याच. ज्याचा वर्ग त्यानं घ्यायची."

"आणि वेळोवेळी म्हणजे?"

तो जरा हसला. "जुलैत घेतली, मग फेब्रुवारीत. दिवाळीनंतर घ्यायची होती, राहिली."

मग त्यानं कपाटातून कागद काढले. प्रत्येक मुलामागे एक ओळ, आणि ओळीत चार रकाने: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. 'असर' या देशभरातल्या शैक्षणिक पाहणीत वाचन तपासायला साधारण अशाच पायऱ्या वापरतात आणि अनेक संस्था त्या धरून चालतात. चार वर्गांचे मिळून ९२ मुलांचे कागद होते. जुलै आणि फेब्रुवारी, दोन्ही खुणा असलेली मुलं मोजली तर ६८. त्यातली सोपा परिच्छेद किंवा त्यापुढचं वाचू शकणारी मुलं जुलैत २०, फेब्रुवारीत ४७.

म्हणजे 'लक्षणीय प्रगती' या दोन शब्दांच्या मागे एक चांगला, मोजलेला आकडा कपाटात बसून होता. आणि 'वेळोवेळी मूल्यमापन'च्या मागे एक कच्ची बाजू होती: जी शिकवते तीच तपासते. निधी देणाऱ्याच्या मनात ही शंका येणारच. कर्ता लपवलेला होता तोवर संस्थेलाही ती दिसली नव्हती. त्या दिवशी तिथेच ठरलं की नवीन समन्वयक नेमली तर चाचणी तिनं घ्यायची. हा निर्णय एका वाक्यातला कर्ता शोधताना झाला.

जनजागृतीचं तसंच. "पालकसभा घेतो," तो म्हणाला. किती झाल्या? दर महिन्याला एक ठरली होती, वर्षात तीन झाल्या. बहुतेक पालक नाक्यावर कामाला जातात किंवा घरकामाला, रविवारीही सुट्टी नाही. मी म्हटलं, सारांशातून हे काढू. तीन सभांना 'जनजागृती' म्हणून मिरवण्यात अर्थ नाही, आणि सारांशात त्याचं स्पष्टीकरण द्यायला जागा नाही. आत कामाच्या तपशिलात ते खरं-खरं लिहिता येतं.

'उत्तम प्रतिसाद' विचारल्यावर तो म्हणाला, "पटावर ९२ आहेत." रोज किती येतात? हजेरीपट चाळला तर सत्तरच्या आसपास. इथे मोह होतो ९२ लिहून पुढे जायचा. मी दोन्ही आकडे लिहायच्या बाजूची आहे: किती मुलांनी नाव नोंदवलं आणि किती मुलं दोन्ही चाचण्यांपर्यंत टिकली. मधली २४ मुलं कुठे गेली, असा प्रश्न येईल. येऊ द्या. काही कुटुंबं काम संपल्यावर दुसऱ्या नाक्याकडे गेली, काही गावी. हे उत्तर हाताशी असलं की प्रश्नाची भीती नाही. ९२ लिहून ४७ दाखवलं, तर वाचणारा स्वतःच भागाकार करतो आणि तुमच्या गैरसोयीचा अर्थ काढतो.

तिसरी पायरी: नामात कोंडलेलं क्रियापद मोकळं करा

माहिती हाती आली की मगच भाषेला हात लावा. या परिच्छेदात सगळ्यात जास्त जागा खाल्ली आहे ती 'चे आयोजन करणे', 'मूल्यमापन करणे', 'व्याप्ती वाढविणे' या प्रकारानं. मराठीत कामाचं क्रियापद बहुधा साधं आणि छोटं असतं. आपण त्याचं नाम करतो आणि मग त्याला चालवायला 'करणे' जोडतो, म्हणजे चांगल्या धडधाकट माणसाला खुर्चीत बसवून ढकलत न्यायचं.

वर्गांचे आयोजन करतो, म्हणजे वर्ग घेतो. मूल्यमापन करतो, म्हणजे तपासतो किंवा चाचणी घेतो. वाचन सक्षमीकरण, म्हणजे वाचायला शिकवतो. व्याप्ती वाढवणार, म्हणजे काय? दोन वस्त्यांत दोन नवीन वर्ग सुरू करणार. मग तसंच लिहा.

'सक्षमीकरण' लिहिलं नाही तर काम लहान वाटेल, असं त्या कार्यकर्त्याला वाटत होतं. ही भीती मी बऱ्याच जणांत बघते. कंपनीच्या सीएसआर विभागात बसलेला माणूस दिवसभरात असे बरेच सारांश वाचतो आणि त्यातल्या बहुतेकांत सक्षमीकरण असतं. 'तिसरीतली मुलं वाचायला शिकतात' हे मात्र त्याला चटकन दिसतं.

चौथी पायरी: 'असून' तोडा

'असून' हा मराठी प्रपोजलचा फेव्हिकॉल. त्याला दोन असंबद्ध गोष्टी जोडता येतात आणि त्या संबंधित आहेत असा भास होतो. 'नोंदणीकृत असून उपक्रम राबविण्यात येत आहेत': नोंदणीचा आणि उपक्रमाचा संबंध काय? 'योजिले असून अपेक्षा करण्यात येत आहे': योजना कोणती आणि अपेक्षा किती, दोन्ही त्या एका शब्दाखाली दबलं.

नियम सोपा आहे. जिथे 'असून' आहे तिथे पूर्णविराम द्या आणि दोन्ही वाक्यं स्वतंत्र उभी राहतात का ते बघा. एखादं राहत नसेल तर ते रिकामंच होतं.

'असून'सारखाच दुसरा ताण म्हणजे नामाआधीची विशेषणांची रांग: 'परिसरातील, कुटुंबांतील, शिक्षण घेत असलेल्या, मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी'. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाचणारा हे सगळं डोक्यात धरून 'विद्यार्थ्यांसाठी'पर्यंत पोचतो आणि तिथून पुन्हा क्रियापदाची वाट बघतो. दोनपेक्षा जास्त विशेषणं झाली की एखादं पुढच्या वाक्यात टाका, नाहीतर काढा. 'आर्थिकदृष्ट्या मागास' मी काढलं. 'दिघ्यातल्या वस्त्या' आणि 'महापालिका शाळा' म्हटल्यावर ते कळतंच, आणि मुलांना उगाच मागास म्हणायची गरज राहत नाही.

पाचवी पायरी: काळ ठरवा

'राबविण्यात येत आहे' यात झालेलं, चालू आणि होणारं, तिन्ही मावतं. निधी देणाऱ्याला नेमका हाच फरक हवा असतो: कोणतं काम आधीपासून चालू आहे, काय करून दाखवलंय आणि माझ्या पैशातून काय होणार आहे. म्हणून चालू कामाला 'शिकवतात', झालेल्याला 'दिल्या', होणाऱ्याला 'सुरू करू', आणि वाक्यांचा क्रमही तोच. चालू आणि होणारं एकाच वाक्यात आलं, तर जुन्या चार वर्गांसाठीच पैसे मागताय अशी शंका येते.

दुरुस्त झालेला परिच्छेद

> दिघ्यातल्या तीन वस्त्यांत आमच्या चार शिक्षिका महापालिका शाळांतल्या तिसरी ते पाचवीच्या मुलांना आठवड्यातून पाच संध्याकाळी दोन-दोन तास वाचायला शिकवतात. गेल्या वर्षी ९२ मुलांनी नाव नोंदवले; त्यांतल्या ६८ मुलांनी जुलै आणि फेब्रुवारी अशा दोन्ही चाचण्या दिल्या. या ६८ पैकी जुलैत २० मुले सोपा परिच्छेद वाचू शकत होती, फेब्रुवारीत ४७. येत्या जूनपासून आम्ही आणखी दोन वस्त्यांत एकेक वर्ग सुरू करू आणि ४५ मुलांना शिकवू. नवी समन्वयक दर पंधरवड्याला सहाही वर्गांना भेट देईल आणि दोन्ही चाचण्या स्वतः घेईल. या कामासाठी दहा महिन्यांना आम्हाला ३ लाख २० हजार रुपये हवे आहेत.

शब्द मोजलेत तर हाही परिच्छेद नव्वदच्या जवळच जातो. लोक निराश होतात, "एवढं करून लांबी तेवढीच?" मूळ परिच्छेदातून शब्द काढले असते तर शेवटी जवळजवळ काहीच उरलं नसतं, म्हणून ही तुलना सरळ होत नाही. आधी रिकामे शब्द गेले, मग त्यांच्या जागी मुलं, शिक्षिका, तारखा आणि रक्कम आली. खरंच आखूड हवं असेल तर ते आता करता येतं, कारण कापायला काहीतरी आहे:

> दिघ्यातल्या तीन वस्त्यांत आमच्या चार शिक्षिका महापालिका शाळांतल्या तिसरी ते पाचवीच्या मुलांना संध्याकाळी वाचायला शिकवतात. गेल्या वर्षी दोन्ही चाचण्या दिलेल्या ६८ मुलांपैकी सोपा परिच्छेद वाचू शकणारी मुले २० वरून ४७ झाली. येत्या जूनपासून आणखी दोन वर्गांत ४५ मुलांना शिकवण्यासाठी आणि समन्वयक नेमण्यासाठी आम्हाला ३ लाख २० हजार रुपये हवे आहेत.

हे जवळपास अर्ध्या शब्दांत बसतं. मी दोन्ही आवृत्त्या ठेवायला सांगते, कारण कुठे अर्धं पान मिळतं तर कुठे ऑनलाइन फॉर्ममधला एक छोटा चौकोन.

नोंदणीचे दोन्ही कायदे मी काढून टाकले, यावर संस्थेच्या अध्यक्षांनी आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, त्यानं विश्वास बसतो. पण नोंदणी क्रमांक, १२ए, ८०जी, सीएसआर-१ यांच्यासाठी फॉर्ममध्ये वेगळे रकाने असतात. तिथे ते नसतील तर अर्ज तिथेच अडतो, आणि असतील तर सारांशात पुन्हा सांगून काही वाढत नाही. सारांशाचं पहिलं वाक्य ही फार महागडी जागा आहे.

जिथे थोडं सांभाळायला हवं

कर्ता पुढे आणायची सवय लागली की हात पुढच्या टोकाला जातो. त्या कार्यकर्त्यानं उत्साहात एक वाक्य सुचवलं: "आम्ही २७ मुलांना वाचायला शिकवलं." छोटं आहे, कर्ता स्पष्ट आहे, आणि खरं आहे असं म्हणता येत नाही. ही मुलं सकाळी शाळेतही जातात. सात-आठ महिन्यांत काही मुलं वर्गाशिवायही पुढे गेली असती. किती, ते सांगायला वर्गात न येणाऱ्या मुलांचीही चाचणी घ्यावी लागेल, आणि संस्थेनं ती घेतलेली नाही. म्हणून त्या वाक्यात कर्ता मुलं ठेवली: मुले वाचू शकत होती, इतकी. आपण जे केलं ते 'आम्ही', मुलांच्यात जे दिसलं ते मुलांच्या नावावर.

करणारा न दिसणारी काही वाक्यं बिनधास्त ठेवा. 'पावसाळ्यात खोलीत पाणी शिरल्यामुळे एक वर्ग तीन आठवडे बंद राहिला.' 'मानधन थेट खात्यात जमा होते.' इथे कोण, हा प्रश्न कुणाला पडत नाही, आणि जबरदस्तीनं कर्ता घुसवला तर वाक्य विचित्र होतं. समासात 'कोण?' लिहिल्यावर ज्याचं उत्तर वाचणाऱ्याला खरंच हवं असेल, तिथेच बदला.

'आम्ही' की 'संस्था', हाही प्रश्न येतो. मी 'आम्ही' सुचवते, पण काही विश्वस्तांना ते घरगुती वाटतं. 'संस्था' लिहिलं तरी चालेल, फक्त परिच्छेदभर एकच ठेवा. एका वाक्यात आम्ही आणि दुसऱ्यात सदर संस्था झालं, की दोन वेगळे पक्ष असल्यासारखं वाटतं.

पाठवण्यापूर्वी बजेटशी ताडून बघा

सारांशातलं प्रत्येक क्रियापद बजेटमध्ये सापडलं पाहिजे, आणि बजेटमधला प्रत्येक मोठा खर्च सारांशात. आपल्या उदाहरणात: दोन शिक्षिका, महिना ६ हजार, दहा महिने, म्हणजे १ लाख २० हजार. दोन खोल्यांचं भाडं महिना ४ हजार प्रमाणे ८० हजार. समन्वयक महिना ८ हजार, म्हणजे ८० हजार. पुस्तकं आणि सरावाचे कागद ४० हजार. बेरीज ३ लाख २० हजार.

पहिल्या खर्ड्यात समन्वयकाचे ८० हजार बजेटमध्ये होते आणि सारांशात तिचा पत्ता नव्हता. वाचणाऱ्याला ते कार्यालयीन खर्च वाटले असते. 'भेट देईल आणि चाचण्या घेईल' हे वाक्य आलं आणि त्या ८० हजारांना काम मिळालं. उलट चूकही होते: सारांशात 'पालकसभा घेऊ' आणि बजेटमध्ये त्यासाठी एक रुपयाही नाही.

कुणी विचारेल, मग ३ लाख २० हजार भागिले ४५ करून 'प्रति मूल खर्च' का नाही लिहिला? कारण समन्वयक सहाही वर्गांना जाणार आहे, फक्त नव्या दोनांना नाही. तो भागाकार चुकीचा ठरेल, आणि चुकीचा आकडा सारांशात एकदा गेला की तोच पुढे मीटिंगमध्ये फिरतो.

फॉर्मच्या चौकोनात टाकताना

ऑनलाइन फॉर्ममध्ये मर्यादा शब्दांची नसून अक्षरांची असेल तर सावध राहा. देवनागरीत बहुतेक फॉर्म काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजतात. 'संस्था' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, फॉर्म त्याची सहा मोजतो. 'विद्यार्थ्यांसाठी'ची सतरा होतात, 'मुलांसाठी'ची नऊ. संस्कृत जोडाक्षरांचे जड शब्द गेले की चौकोनात अख्खं एक वाक्य मोकळं होतं. आधी वेगळ्या फाइलमध्ये मोजून घ्या, कारण काही फॉर्म जास्तीचा भाग न सांगता कापतात. शेवटचं वाक्य म्हणजे नेमकी तुमची रक्कम. सबमिट करण्याआधी चौकोनात शेवटपर्यंत स्क्रोल करून ती दिसते का ते बघाच.

आणि प्रपोजल इंग्रजीत पाठवायचं असेल तरी हे सगळं आधी मराठीत करा. दिघ्याच्या संस्थेचा परिच्छेद एका ओळखीच्या मुलानं इंग्रजीत करून दिला. भाषा चांगली होती, पण 'आम्ही सुरू करू'चं त्यानं पुन्हा 'सुरू करण्याचे प्रस्तावित आहे' अशा थाटाचं वाक्य केलं होतं, आणि चाचणी घेणारी समन्वयक परत गायब. आता मी भाषांतराला देताना परिच्छेदासोबत दुसरा एक कागद देते. त्यावर फक्त सहा ओळी असतात, प्रत्येक वाक्याची एक: कोण, काय करतं. परत आलेल्या इंग्रजीत त्या सहा जणांना शोधते, आणि जो सापडत नाही त्याच्यासाठी कागद परत पाठवते.